राउटरचे अँटेना: टोक नको, अंग दाखवा

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ माझ्या मावशीचं रो-हाउस आहे. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर पुढे-मागे दोन खोल्या, त्यावर गच्ची. मावसभाऊ वरच्या पुढच्या खोलीत बसून घरून काम करतो. त्याच्या बरोबर खाली हॉल, आणि हॉलमध्ये टीव्हीशेजारी राउटर. मधे एक स्लॅब, अंतर जेमतेम अकरा फूट. तरी मीटिंग सुरू झाली की याचं चित्र गोठायचं. आणि खाली मागे स्वयंपाकघरात, बावीस-तेवीस फुटांवर, मधे विटांची भिंत असताना मावशीच्या मालिका न अडकता चालायच्या.

मी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नेटवर्कची कामं करतो, त्यामुळे नातेवाइकांत कुणाचंही वाय-फाय रुसलं की फोन मला येतो. गेलो, तर भाऊ म्हणाला, "दादा, मी चारही अँटेना माझ्या खोलीकडेच रोखलेत. बघ." बघितलं. चारही अँटेना सरळ उभे, टोकं छताकडे. म्हणजे दुकानातून आणल्यावर आपण सगळेच ठेवतो तसे. फक्त याच्या मनात ते वरच्या खोलीवर नेम धरून उभे होते.

गडबड नेमकी तिथेच होती. अँटेनाचं टोक ज्या दिशेला असतं, त्या दिशेला तो सर्वांत कमी सिग्नल देतो.

पेन्सिल आणि मेदूवडा

नेम धरायची ही सवय आपल्याला जुन्या टीव्हीमुळे लागली असावी. गच्चीवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा सांगाडा, एक जण वर तो फिरवतोय, दुसरा खाली खिडकीतून ओरडतोय, "आलं, आलं… गेलं!" तो सांगाडा खरोखरच स्टेशनच्या दिशेला रोखावा लागायचा. पण आठवून बघा: मधली लांब दांडी स्टेशनकडे असायची आणि तिच्यावरच्या काड्या तिला आडव्या. म्हणजे काम करणाऱ्या काड्यांचं टोक तेव्हाही स्टेशनकडे नसायचं, अंग असायचं.

राउटरचा अँटेना म्हणजे तसलीच एक काडी. प्लास्टिकचं कवच बोटभर जाड आणि वीतभर लांब असतं, पण आतला कामाचा भाग छोटा असतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण १२ सेंटिमीटर, म्हणून तिच्यासाठीची अर्ध्या लहरीची काडी ६ सेंटिमीटरची. ५ गिगाहर्ट्झसाठी तर ३ सेंटिमीटरही लागत नाहीत. त्या काडीत वीज वर-खाली, वर-खाली हलत राहते आणि त्या हालचालीतून लहर बाहेर पडते.

आता अशी कल्पना करा की एका काठीवर मणी वर-खाली सरकतोय. तुम्ही काठीच्या बाजूला उभे असाल तर मणी हलताना स्पष्ट दिसतो. काठीच्या टोकाशी डोळा लावून बघितलंत तर तो जागच्या जागीच वाटतो. लहरीचंही तसंच आहे. ज्या बाजूने हालचाल "दिसते" तिकडे ती जोरात जाते, टोकाच्या दिशेला जवळजवळ जातच नाही.

या सगळ्याचा आकार डोळ्यांसमोर आणायचा तर मेदूवडा घ्या आणि त्याच्या भोकातून पेन्सिल घाला. पेन्सिल म्हणजे अँटेना, वडा म्हणजे सिग्नल. पेन्सिल उभी धरली की वडा आडवा पसरतो: चारी बाजूंना भरपूर, डोक्यावर आणि पायाखाली भोक. माझा भाऊ बरोबर त्या भोकात बसून मीटिंगा घेत होता.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण वर सिग्नल नाही म्हटलं की लोक "मोठा अँटेना" विकत आणायला निघतात. डब्यावर ५ डीबीआय, ७ डीबीआय असं लिहिलेलं असतं. अँटेना स्वतः वीज तयार करत नाही, राउटरने दिलेलीच पसरवतो. डीबीआय जास्त म्हणजे तोच वडा थापून थालीपीठ केलेला: आडवा लांबवर जातो, वर-खाली मात्र आणखी पातळ होतो. एकाच मजल्यावरच्या लांबलचक घरात त्याचा उपयोग होतो. वरच्या मजल्यासाठी असा अँटेना आणून उभा लावलात, तर पैसे देऊन त्रास वाढवलात.

हात लावण्याआधी

आधी घर कसं आहे ते बघा, कारण सगळ्यांनीच अँटेना वाकवायची गरज नसते. तुम्ही फ्लॅटमध्ये राहत असाल आणि सगळ्या खोल्या एकाच पातळीवर असतील, तर उभे अँटेना हेच बरोबर उत्तर आहे. वडा आडवा पसरतोय, घरही आडवंच आहे. तिथे अँटेनाशी खेळण्यापेक्षा राउटर टीव्हीच्या मागून बाहेर काढून चार-पाच फूट उंचीवर ठेवला तर जास्त फरक पडेल. वाकवण्याचा खरा फायदा दुमजली रो-हाउस, बंगला, ड्युप्लेक्स किंवा पंचवटीतल्या जुन्या वाड्यासारख्या घरात होतो, जिथे माणसं राउटरच्या डोक्यावर राहतात. वाड्यात मजल्याला लाकडी तुळया आणि फळ्या असतात, त्यांतून लहर सहज जाते, म्हणून तिथे फरक आणखी ठळक दिसतो. सिमेंटच्या स्लॅबमध्ये सळयांची जाळी असते, ती सिग्नलचा बराच भाग खाते. अँटेना कसाही वाकवला तरी तो तोटा भरून निघत नाही.

मग अँटेनाचा सांधा बघा. बहुतेक राउटरचे अँटेना बुडाशी गोल फिरतात आणि कोपरासारखे वाकतात. कोपर ९० अंशांवर अडतं, त्यापुढे जोर लावू नका, आत बारीक वायर असते. काही अँटेना आटे फिरवून निघणारे असतात. त्यांच्यात एक खोड आहे: अँटेना डावीकडे-उजवीकडे फिरवताना बुडाची रिंग नकळत सैल होते. दिसायला सगळं जागेवर असतं आणि सिग्नल मात्र एकदम १५-२० डीबीने पडतो. डीबी हे सिग्नलचं माप, ते कसं वाचायचं ते पुढे येतंच. अँटेना हलवल्यावर आकडा असा दरीत कोसळला, तर दिशेला दोष देण्याआधी रिंग हाताने घट्ट करून बघा. पक्कड नको, हाताचा जोर पुरे.

एक चूक मला भिंतीवर टांगलेल्या राउटरमध्ये फार दिसते. लोक अँटेना डब्याच्या हिशोबाने "सरळ" ठेवतात. राउटर टेबलावर असतो तेव्हा डब्यातून काटकोनात निघालेला अँटेना उभा असतो. तोच राउटर भिंतीवर लावला की काटकोनात निघालेला अँटेना खोलीच्या आत, जमिनीला समांतर येतो. डबा विसरा. अँटेना जमिनीशी कसा आहे आणि त्याचं टोक कुठे बघतंय, एवढंच मोजायचं.

आधीचा आकडा लिहून घ्या

मोबाइलवरच्या चार दांड्यांवर विसंबू नका. त्या फार ढोबळ असतात, आणि किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. लागतो तो डीबीएमचा आकडा. तो उणे असतो: उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६५ पर्यंत व्हिडिओ कॉलला चिंता नाही, उणे ७५ च्या पुढे रडकथा सुरू. तीन डीबी वाढले म्हणजे येणारी शक्ती दुप्पट, दहा वाढले म्हणजे दहापट.

अँड्रॉइड फोनवर वाय-फाय अ‍ॅनालायझर प्रकारचं कुठलंही फुकट ॲप हा आकडा दाखवतं. फक्त अँड्रॉइड ९ पासून ॲपला दोन मिनिटांत चारदाच नव्याने शोध घेता येतो. त्यामुळे अँटेना हलवल्यावर लगेच दिसतो तो कधीकधी जुनाच आकडा असतो. अर्धा मिनिट थांबा. विंडोजच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाइप करा:

```
netsh wlan show interfaces
```

त्यात `Signal` समोर टक्के दिसतात. टक्क्यांचे निम्मे करा आणि त्यातून शंभर वजा करा, झाले डीबीएम. ६० टक्के म्हणजे ३० वजा १००, उणे ७०. खाली `Receive rate (Mbps)` दिसतो, तोही टिपून ठेवा. राउटर आणि लॅपटॉप एकमेकांशी किती वेगाने बोलायला राजी झालेत, ते त्यावरून कळतं. प्रत्यक्ष हाती येणारा वेग त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो.

मोजण्यात दोन गोष्टी फसवतात. पहिली, राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही बँडना एकच नाव देत असेल तर लॅपटॉप गुपचूप ५ वरून २.४ वर उडी मारतो आणि तुम्हाला वाटतं अँटेनाने कमाल केली. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तेवढ्यापुरती दोन नावं वेगळी करा. दुसरी, लहरी भिंतींवरून परतून एकमेकींत मिसळतात, त्यामुळे लॅपटॉप वीतभर सरकला तरी आकडा चार-पाच डीबी हलू शकतो. म्हणून प्रत्येक खोलीत एकच जागा ठरवा, लॅपटॉपचं तोंड त्याच दिशेला ठेवा, थोडं थोडं सरकवून तीन आकडे घ्या आणि मधला धरा. आणि अँटेना हलवल्यावर राउटरपाशी उभं राहू नका. आपलं शरीर म्हणजे पाण्याने भरलेलं पिंप, ते लहर अडवतं.

मावशीच्या घरी मी तीन जागा ठरवल्या: भावाचं टेबल, स्वयंपाकघराचा ओटा आणि वरची मागची खोली. ५ गिगाहर्ट्झवर, सगळे अँटेना उभे असताना, टेबलावर उणे ७६, ओट्यावर उणे ५७, मागच्या खोलीत उणे ७१. भावाच्या लॅपटॉपवर `Receive rate` १३० च्या आसपास घुटमळत होता.

मागची खोली लांब असूनही पुढच्या खोलीपेक्षा बरी निघाली, यावरूनच रोग कळला. दोन्हींच्या मधे तोच स्लॅब. फरक कोनाचा. मागच्या खोलीकडे सिग्नल तिरका, वड्याच्या अंगातून जात होता. पुढच्या खोलीत भोकातून.

कोणता अँटेना, कुणाकडे टोक

राउटरला चार अँटेना असले तरी चारही एकच काम करतात असं नाही. अनेक राउटरमध्ये दोन २.४ चे आणि दोन ५ चे असतात. बाहेरून ओळखू येतीलच असं नाही, पुस्तिकेतही बहुधा लिहिलेलं नसतं. शोधायची रीत सोपी आहे. त्रास आहे त्या जागी कुणाला तरी लॅपटॉप घेऊन ५ गिगाहर्ट्झवर बसवा आणि तुम्ही एकेक अँटेना आडवा करा. आकडा हलला तर तो ५ चा, ढिम्म राहिला तर २.४ चा. आमच्याकडे भाऊ वर बसला होता आणि मी खालून विचारत होतो. मावशी म्हणाली, "गच्चीवरच्या अँटेनाचे दिवस परत आले रे बाबा." बाहेरचे दोन ५ चे निघाले. तुमच्या राउटरमध्ये उलटंही असू शकेल.

आता जोडीतला एकच अँटेना आडवा करायचा, दुसरा उभाच ठेवायचा. का, ते पुढे सांगतो. आधी आडवा कुठल्या दिशेने, ते. ही पायरी लोक गाळतात आणि सगळा खेळ इथेच आहे. आडव्या अँटेनाचा वडा उभा राहतो: वर, खाली आणि दोन बाजूंना सिग्नल. पण भोकं आता भिंतींकडे येतात. अँटेनाचं टोक ज्या भिंतीकडे असेल तिकडे आणि बरोबर त्याच्या पाठीमागे सिग्नल पातळ होणार. म्हणून स्वतःला एकच प्रश्न विचारा: या मजल्यावर कुठल्या दिशेला मला वाय-फाय नकोच आहे?

रो-हाउसमध्ये याचं उत्तर तयार असतं. घर अरुंद आणि खोल, डाव्या-उजव्या भिंतीपलीकडे शेजारी. टोक शेजाऱ्याच्या भिंतीकडे करायचं. मग उभा वडा पुढे-मागे आणि वर-खाली पसरतो, म्हणजे नेमका आपल्या घराच्या आकारात.

मी मात्र पहिल्यांदा चुकलो, खोटं कशाला सांगू. राउटर ज्या कपाटावर होता तिथे अँटेना मागे वाकवणं सोपं होतं, म्हणून तसाच मागे वाकवला. टोक स्वयंपाकघराकडे. वर भावाचा आकडा उणे ७० झाला आणि तो खूश. पण ओट्यावर उणे ५७ चे उणे ६० झाले. तीन डीबी गेले, म्हणजे शक्ती निम्मी. हिशोब बरोबरच होता: दोनपैकी एका अँटेनाचं भोक मी मावशीकडे केलं होतं, तिला आता जवळजवळ एकट्या दुसऱ्याचंच मिळत होतं. मालिका तरीही चालली असती, पण फुकट गमवायचं कशाला? राउटर थोडा पुढे ओढला आणि तोच अँटेना शेजारच्या भिंतीकडे वळवला. ओट्यावर पुन्हा उणे ५७, वर उणे ७० कायम. मागच्या खोलीत उणे ७१, होता तिथेच.

सहा डीबी म्हणजे वर पोचणारी शक्ती चौपट. वेग काही चौपट होत नाही. `Receive rate` १३० वरून २६० वर गेला आणि तिथे टिकला. घरात १०० चा प्लॅन आहे. १३० च्या निम्म्यात तो मावत नव्हता, २६० च्या निम्म्यात मावतो.

हा आकडा अपेक्षेप्रमाणे होता का, तेही बघू. राउटर जमिनीपासून तीन फुटांवर, लॅपटॉप वरच्या मजल्यावर टेबलावर, म्हणजे दहा फूट वर आणि चार फूट बाजूला. उभ्या रेषेपासून हा कोन साधारण २२ अंशांचा. साध्या अर्धलहर काडीचा सिग्नल त्या कोनात तिच्या पूर्ण जोरापेक्षा दहा डीबीने कमी असतो. अँटेना आडवा केला की ते दहा परत मिळायला हवेत, पण जोडीतला एकच आडवा केलाय, म्हणून दोघांचा मिळून हिशोब सातेक डीबीचा येतो. मिळाले सहा. मधला फरक परतलेल्या लहरींचा. भिंती आणि छतावर आपटून थोडा सिग्नल आधीही त्या भोकात येत होता, म्हणूनच भावाचं नेट अगदी बंद नव्हतं, नुसतं रडत होतं.

चारही आडवे का नाहीत

भावाने लगेच विचारलं, "मग सगळेच आडवे करू ना." स्लॅबवरच्या खोलीचा आकडा त्याने आणखी थोडा वाढतो, हे खरं. पण खाली टोकांच्या रेषेत जो कुणी बसेल त्याचे वांधे होतात. आमच्याकडे त्या रेषेत सोफ्याचा एक कोपरा येतो.

दुसरं कारण जरा आतलं आहे. उभ्या अँटेनाची लहर उभी डोलते, आडव्याची आडवी. घेणाऱ्याचा अँटेनाही त्याच ढंगाचा असेल तर ती पूर्ण पकडली जाते, नसेल तर थोडी निसटते. लॅपटॉपचे अँटेना पडद्याच्या चौकटीत किंवा बिजागरीपाशी असतात, कसे बसवलेत ते मॉडेलप्रमाणे बदलतं. मोबाइल तर आपण उभा, आडवा, लोळत, कसाही धरतो. मोकळ्या मैदानात दोन ढंग जुळले नाहीत तर फार मोठा तोटा होतो. घरात लहरी आपटून आपटून वळतात, म्हणून तोटा कमी असतो, पण असतो. राउटरचा एक उभा आणि एक आडवा ठेवला की मोबाइल कसाही धरा, एक तरी जुळतो. शिवाय आजचे राउटर जोडीतल्या दोन अँटेनांवरून एकाच वेळी वेगवेगळा डेटा पाठवतात, आणि दोन्हींचे ढंग वेगळे असले तर घेणाऱ्याला ते वेगळे ओळखायला सोपं जातं.

२.४ च्या जोडीतही मी हेच केलं: एक उभा, एक शेजाऱ्याकडे टोक करून आडवा. वरचे मोबाइल आणि भावाचा प्रिंटर त्या बँडवर असतात. तिथला फरक मी बारकाईने मोजला नाही.

तिरपा करायचा तर उलट्या बाजूला

आडवा किंवा उभा, या दोन टोकांमधली एक स्थिती आहे, ती सांगतो कारण ती सहज उलटी होते. समजा वरची खोली डोक्यावरही नाही आणि फार लांबही नाही. राउटरपासून दहा फूट उजवीकडे आणि दहा फूट वर, म्हणजे तिरक्या रेषेत, ४५ अंशांवर. गंगापूर रोडच्या एका बंगल्यात मला असं घर मिळालं होतं. घरमालकांनी अँटेना त्या खोलीकडे, उजवीकडे झुकवलेला. म्हणजे पुन्हा टोकच दाखवलेलं. अगदी सरळ उभा ठेवला असता तर त्या कोनात चारेक डीबीचाच तोटा होता, झुकवून त्यांनी तो वाढवून घेतला.

पेन्सिल-वडा हातात घ्या आणि पेन्सिल डावीकडे झुकवा. वड्याची उजवी कड वर उचलली जाते. म्हणून उजवीकडच्या वरच्या खोलीसाठी अँटेना डावीकडे झुकवायचा. काकांना ते पटेना. म्हणाले, "अहो, खोली इकडे आहे." शेवटी त्यांच्याच मोबाइलवर आकडा दाखवला तेव्हा पटलं. यातही जोडीतला एकच झुकवा, कारण वड्याची डावी कड त्याच वेळी खाली जमिनीत जाते आणि डावीकडच्या वरच्या खोलीला तर भोकच मिळतं.

इथे अँटेना काही करू शकत नाही

गच्चीवर पत्र्याची खोली असेल आणि राउटर तळमजल्यावर असेल, तर दोन स्लॅब आणि वर लोखंडी पत्रा. तिथे अँटेना कसेही नाचवा, पाच-सहा डीबी वाढून उणे ८८ चे उणे ८२ होतील, कॉल तरीही तुटेल. जिन्यातून केबल वर न्या आणि दुसरा ॲक्सेस पॉइंट लावा. मधल्या मजल्यावर राउटर हलवता येत असेल तर आधी तेच करा. आमच्याकडे फायबर हॉलमध्ये आलेली होती आणि ती वर न्यायला भिंत फोडावी लागणार होती, म्हणून अँटेनापासून सुरुवात केली.

आकडा चांगला, उणे ५५-६०, आणि तरीही नेट अडकतंय, असं असेल तरी अँटेनाला हात लावू नका. तिथे बहुतेक वेळा शेजारच्या दहा राउटरची एकाच चॅनलवर गर्दी असते किंवा बाहेरून येणारी लाइनच खराब असते. राउटरला केबलने जोडून बघा. केबलवरही अडकलं तर दोष वाय-फायचा नाही.

अँटेनाच्या आतही एखाद्या वेळी दोष निघतो. जोडीतला एक अँटेना उभा, आडवा, कसाही केला आणि कुठल्याही बँडचा आकडा तसूभरही हलला नाही, तर आतली वायर सुटलेली असू शकते. पूर्वी पडलेल्या राउटरमध्ये हे होतं. आटे असलेला अँटेना असेल तर दुसऱ्याशी अदलाबदल करून बघा: दोष अँटेनाबरोबर गेला तर अँटेना बदला, जागेवरच राहिला तर राउटर दुरुस्तीला न्या.

सगळं जमल्यावर मी राउटरचा फोटो काढून भावाला पाठवला आणि प्रत्येक अँटेनाच्या बुडाशी पांढऱ्या पेनाने बारीक खूण केली, सांधा कुठे असायला हवा त्याची. त्या वेळी भाऊ हसला होता. दिवाळीच्या आधी त्याचा फोन आला, वरचं नेट पुन्हा रडतंय म्हणून. मी विचारलं, खुणा जुळताहेत का बघ. जुळत नव्हत्या. मावशीने जळमटं काढताना राउटर पुसला होता आणि वाकडेतिकडे दिसतात म्हणून चारही अँटेना सरळ उभे करून ठेवले होते.